स्क्रेपर गुपचूप बंद पडतो तेव्हा: रिकामं उत्तर आणि घसरलेला आकडा कसा पकडायचा

कांदा पडला किंवा चढला की त्याची बातमी होते, आणि त्याच संध्याकाळी शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजचे बाजारभाव’ असा तक्ता फिरू लागतो. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, सोलापूर, पुणे. आवक किती क्विंटल, किमान दर काय, कमाल काय, सर्वसाधारण काय. असे बरेचसे तक्ते हल्ली कोणी बसून टाइप करत नाही. बाजार समित्यांचे आकडे सरकारी संकेतस्थळांवर रोज चढतात, आणि कुणीतरी लिहिलेला छोटा प्रोग्राम संध्याकाळी ते पान उघडून त्यातले हवे तेवढे आकडे उचलतो. माणसांनी वाचायला केलेल्या पानावरून असे आकडे उचलणाऱ्या प्रोग्रामला स्क्रेपर म्हणतात.

स्क्रेपर बिघडणार हे गृहीतच धरावं लागतं, कारण ज्या पानावर तो जगतो ते पान दुसऱ्याच्या मालकीचं असतं. ती मंडळी आपल्या सोयीने पानाची रचना बदलतात आणि ते आपल्याला कळवायचं त्यांना काहीच कारण नसतं. बिघाड दिसला तर तासाभरात दुरुस्तही होतो. खरी पंचाईत असते ती न दिसणाऱ्या बिघाडाची. प्रोग्राम वेळेवर चालतो, कुठेही लाल अक्षरं उमटत नाहीत, लॉगमध्ये ‘काम पूर्ण’ अशी नोंद होते आणि हाती येतं शून्य. किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धंच हाती येतं.

## एरर का येत नाही?

एखाद्या पोऱ्याला आपण सांगितलं, ‘मार्केट यार्डात जा, डावीकडच्या तिसऱ्या फळ्यावर जेवढ्या ओळी असतील तेवढ्या उतरवून आण.’ फळा हलवला गेला असेल, तर शहाणा पोऱ्या येऊन विचारेल की फळा कुठाय. पण हा पोऱ्या शब्दाला शब्द पाळणारा आहे. तिसऱ्या फळ्यावर ओळी शून्य, म्हणून उतरवल्या शून्य. कोरा कागद आपल्या हातात देऊन तो म्हणतो, ‘झालं काम.’ आणि सांगितलेलं काम त्याने खरोखरच केलेलं असतं.

स्क्रेपरमधल्या नेमक्या ओळी बघितल्या की हे लगेच लक्षात येईल. पायथॉनमध्ये असं काहीतरी लिहिलेलं असतं:

```python
rows = soup.select("table#rates tbody tr")
for r in rows:
    save(r)
```

पहिली ओळ म्हणते, `soup` मध्ये, म्हणजे मागवलेल्या पानात, `rates` नावाच्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी दे. संकेतस्थळवाल्यांनी तक्त्याचं नाव `rates` बदलून `dailyRates` केलं, तर `select` तक्रार करत नाही. ते रिकामी यादी परत देतं. पुढचा `for` त्या रिकाम्या यादीवरून शून्य वेळा फिरतो. काहीच जतन होत नाही, प्रोग्राम संपतो, आणि संगणकाच्या लेखी ही यशस्वी धाव ठरते.

पान मागवण्याच्या पायरीवरही हेच होतं. वेबपान मागितलं की सर्व्हर एक क्रमांक पाठवतो: `404` म्हणजे पान सापडलं नाही, `500` म्हणजे सर्व्हरवर गडबड, `200` म्हणजे सगळं ठीक. पण कित्येक संकेतस्थळं ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ हे पानसुद्धा `200` लावून पाठवतात. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ हेही कधीकधी `200` घेऊनच येतं. म्हणजे ‘सर्व्हरने ठीक म्हटलं ना?’ एवढंच बघणारा स्क्रेपर त्या पानात कांद्याचे भाव शोधतो आणि रिकाम्या हाताने परततो.

तिसरा प्रकार अलीकडे फार दिसतो. पूर्वी तक्ता पानासोबतच यायचा. नव्या पद्धतीत आधी रिकामं पान येतं आणि ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालल्यावर त्यात तक्ता भरला जातो. आपण ब्राउझरमध्ये बघितलं तर आकडे डोळ्यांसमोर असतात. स्क्रेपरला मात्र ते भरण्याआधीचं पान मिळतं. ‘मला तर साइट नीट दिसतेय’ असं म्हणून माणसं इथे तासन्‌तास वाया घालवतात.

तिन्ही प्रकारांत एररची वाट बघून उपयोग नाही. बघायचं ते हाती काय आलं याकडे, आणि त्यातही सगळ्यात सोपी मोजता येणारी गोष्ट म्हणजे ओळींची संख्या.

## शून्य आलं म्हणजे बिघाडच का?

नाही. बाजारभावांत तर हा प्रश्न फारच टोकदार आहे. रविवारी बहुतेक लिलाव बंद. नाशिक पट्ट्यात अमावस्येला लिलाव न करायची जुनी प्रथा, सगळ्या समित्या ती आता पाळत नसल्या तरी. दिवाळीत काही समित्या आठवडाभरही बंद असतात. आणि कधीकधी शून्य हीच त्या दिवशीची बातमी असते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. त्यावरून नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. पुढे २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी पुकारलेला बंद तर जवळपास दोन आठवडे चालला. त्या दिवसांत लासलगावची ओळ नसणं हे पूर्ण बरोबर उत्तर होतं.

म्हणून ‘ओळी शून्य, वाजवा घंटा’ इतकंच लिहिलं तर घंटा वाजेल खरी, पण ती काय सांगतेय ते कळणार नाही. खरं शून्य आणि बिघाडाचं शून्य वेगळं करायला दोन उपाय आहेत. दोन्ही स्वस्त आहेत.

पहिला उपाय पानाकडूनच कबुली घेण्याचा. आकडे नसतील तेव्हा बरीच संकेतस्थळं तसं लिहितात: ‘माहिती उपलब्ध नाही’ किंवा असंच काही वाक्य. तर स्क्रेपरला दोन्ही शोधायला लावायचं, तक्ताही आणि हे वाक्यही. तक्ता मिळाला, ठीक. वाक्य मिळालं, तर संकेतस्थळ स्वतः म्हणतंय की आज काही नाही. दोन्ही मिळालं नाही, तर आपण भलत्याच पानावर उभे आहोत, आणि इशारा द्यायलाच हवा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. जुनी तारीख टाकून भाव बघायची सोय संकेतस्थळावर असेल, तर ज्या दिवसाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे अशी एक तारीख निवडून ठेवायची. समजा गेल्या महिन्यातला एक साधा मंगळवार, ज्या दिवशी आपण ५२ ओळी उतरवल्या होत्या. आज शून्य आलं की स्क्रेपरने लगेच त्या मंगळवारचं पान मागवायचं. त्याच्या ५२ ओळी आल्या तर स्क्रेपर धडधाकट आहे आणि आजचं शून्य खरं असण्याची शक्यता मोठी. तिथेही शून्य आलं तर बाजार बंद वगैरे काही नाही, आपलंच यंत्र बिघडलंय. एका जादा विनंतीत प्रश्न सुटतो. फक्त जुन्या दिवसाचे आकडे मागाहून एक-दोन ओळींनी दुरुस्त होऊ शकतात, त्यामुळे ‘बरोबर ५२’ असा हट्ट न धरता ‘४५च्या वर’ एवढं पुरे. आणि आजचं पान व जुन्या तारखेचं पान वेगवेगळ्या पद्धतीने बनत असेल, तर या चाचणीवर भिस्त ठेवता येणार नाही. ते एकदा हाताने तपासून घ्यावं.

## घसरण नेमकी किती झाली की ओरडायचं?

शून्य निदान नजरेत तरी भरतं. अर्धं आलेलं मात्र खऱ्यासारखंच दिसतं. एक उदाहरण आकड्यांसकट बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण प्रकार अगदी रोजचा आहे.

समजा आपला स्क्रेपर राज्यभरातल्या कांद्याच्या ओळी उचलतो. एकेका समितीत लाल, उन्हाळी, पांढरा अशा वेगळ्या ओळी असतात, म्हणून साध्या दिवशी पन्नासेक ओळी भरतात. गेल्या आठ मंगळवारची संख्या अशी: ५२, ४९, ५५, ५१, १२, ४, ५३, ५४. मधले १२ आणि ४ म्हणजे एक सणाचा मंगळवार आणि एक बंदचा. दोन्ही खरे.

आज मंगळवार, आणि संकेतस्थळाने तक्त्याची पानं पाडली आहेत. आता पहिल्या पानावर २५ ओळी दिसतात, बाकीच्यांसाठी ‘पुढे’ दाबावं लागतं. स्क्रेपरला ‘पुढे’ माहीतच नाही. तो २५ ओळी घेऊन खुशीत परततो. तक्त्यात बाजार समित्या अकारविल्हे लावलेल्या असतील तर गेल्या कोणत्या? शेवटच्या: येवला, लासलगाव, सोलापूर. म्हणजे कांद्याच्या बाजारात ज्यांच्याकडे बघून बाकीचे भाव ठरवतात त्यातल्या काही नेमक्या गेल्या. राज्याचा म्हणून जो सरासरी भाव ग्रुपवर जाईल तो या समित्या वगळून काढलेला असेल, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आता नियम लावू: आजची संख्या नेहमीच्या ६० टक्क्यांखाली गेली तर इशारा. ‘नेहमीची’ म्हणून सरासरी घेतली तर आठ मंगळवारची बेरीज ३३०, सरासरी ४१.२५, तिचे ६० टक्के २४.७५. आजचे २५ त्याच्या वर. इशारा नाही! दोन वाईट मंगळवारांनी सरासरी इतकी खाली ओढली की बिघाड सहीसलामत निसटला.

सरासरीऐवजी मध्यक घेतला तर चित्र बदलतं. मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. इथे ४, १२, ४९, ५१, ५२, ५३, ५४, ५५. मधले दोन ५१ आणि ५२, म्हणून मध्यक ५१.५. त्याचे ६० टक्के ३०.९. आजचे २५ खाली, इशारा वाजला. टोकाच्या एक-दोन दिवसांनी मध्यक हलत नाही, म्हणून या कामाला तोच घ्यावा.

कोड एवढाच:

```python
from statistics import median

def verdict(today, past):
    if today == 0:
        return "EMPTY"
    if len(past) < 4:
        return "OK"
    if today < 0.6 * median(past[-8:]):
        return "DROP"
    return "OK"
```

`past` मध्ये त्याच वाराच्या जुन्या संख्या द्यायच्या. मंगळवारची तुलना मंगळवारशी, शनिवारची शनिवारशी, कारण शनिवारी कित्येक समित्या अर्धा दिवस चालतात किंवा चालतच नाहीत. जुने आकडे चारपेक्षा कमी असतील तर तुलना टाळली आहे. नव्या स्क्रेपरचा पहिला महिना डोळ्यांनी तपासावा लागतो, त्याला पर्याय नाही.

६० टक्के ही रेघ आकाशातून पडलेली नाही. आपल्या जुन्या नोंदी घेऊन बघायचं की चांगल्या दिवसांत संख्या किती खाली जात होती. ती कधीच ८५ टक्क्यांखाली गेली नसेल तर रेघ ७५वर ओढता येईल. चांगल्या दिवशीही निम्म्यावर येत असेल तर ६० टक्क्यांवर रोज घंटा वाजेल आणि कोणी लक्ष देणार नाही.

इथे एक खाच आहे. `past` मध्ये आपण खरे म्हणून स्वीकारलेले दिवसच जायला हवेत. सणाचे १२ स्वीकारलेले, म्हणून ते आत. पण आजचे बिघडलेले २५ तसेच आत सोडले, आणि दुरुस्तीला महिना लागला, तर तिसऱ्याच आठवड्यात मध्यक ३८ वर आणि त्याचे ६० टक्के २२.८ वर येतात, म्हणजे २५च्या खाली. मग इशारा आपोआप बंद होतो, आणि बिघाड तसाच राहतो. इशारा आलेला दिवस माणसाने बघून ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय यादीत जाता कामा नये.

## एकूण संख्या ठीक असली म्हणजे झालं ना?

बऱ्याचदा नाही. ५२पैकी लासलगावच्या तीन ओळी गेल्या तर एकूण ४९ राहते, आणि ४९ हा अगदी सभ्य आकडा आहे. म्हणून एकूण संख्येसोबत एक छोटी यादी ठेवावी: ज्या समित्यांशिवाय तक्ता पाठवायचाच नाही अशा पाच-सात. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर, पुणे वगैरे. त्यातली एखादी गैरहजर असली की इशारा सौम्य असू शकतो, ‘आज सोलापूर नाही, एकदा बघा’ इतकाच, पण तो यायला हवा.

दुसरी खूण म्हणजे संख्या कमी नसून संशयास्पद रीतीने स्थिर असणं. बाजारात रोज बरोबर ५० ओळी येत नाहीत, कधी ४७ येतात, कधी ५३. सलग चार दिवस अचूक ५० आल्या, किंवा २५, किंवा १००, तर कुठेतरी कुणीतरी मर्यादा घातलीय असं समजावं. मर्यादेने आकडे गिळल्याचं मोठं उदाहरण इंग्लंडचं आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये तिथे उघड झालं की कोव्हिडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नव्हते. प्रयोगशाळेकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या फाइलप्रकारात भरली जात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायचं काम त्यामुळे दिवसेंदिवस लांबलं. तो स्क्रेपर नव्हता, पण आजार हाच: फाइल भरली, पुढचं सांडलं, आवाज आला नाही.

तिसरी गोष्ट ओळी वेगळ्या आहेत का हे मोजणं. पान पुढे नेणारा भाग बिघडला की काही स्क्रेपर पहिलंच पान पुन्हापुन्हा वाचतात. संख्या ५० भरते, पण त्याच २५ ओळी दोनदा. म्हणून मोजायच्या त्या समिती, जात आणि तारीख मिळून वेगळ्या ठरणाऱ्या ओळी. तारीखही तपासलीच पाहिजे, नाहीतर कालचंच पान आजचं म्हणून पुन्हा जमा होतं आणि संख्या अगदी नेहमीसारखी दिसते.

## रोज उठून खोटे इशारे आले तर?

ही तक्रार रास्त आहे. तिसऱ्यांदा खोटी वाजलेली घंटा माणूस म्यूट करतो, आणि मग खरी घंटा म्यूटमध्येच वाजते.

यातले बरेच खोटे इशारे वेळेमुळे येतात. समित्यांचे आकडे संध्याकाळभर हळूहळू चढतात. साडेपाचला बघितलं तर ३० ओळी, नऊला बघितलं तर ५२. म्हणून एकदाच बघून ओरडू नये. साडेसहाला बघावं, कमी वाटलं तर नऊला पुन्हा बघावं, आणि दोन्ही वेळा कमी असेल तरच माणसाला त्रास द्यावा. काही खोटे इशारे कॅलेंडरमुळे येतात. सण, अमावस्या यांची यादी आधीच देऊन ठेवता येते. पण त्या दिवशी तपासणी पूर्ण बंद करू नये, फक्त रेघ खाली आणावी. प्रथा बदलतात, आणि अमावस्येला बाजार चालू ठेवणारी समिती आपल्या यादीला विचारून निर्णय घेत नाही.

उरलेलं काम इशाऱ्याच्या मजकुराचं. ‘स्क्रेपरमध्ये समस्या’ असा मेसेज रात्री नऊला आला तर कोणी उठत नाही. ‘कांदा: आज २५, नेहमी ५१-५२. येवला, लासलगाव, सोलापूर नाहीत. जुन्या तारखेची चाचणी: २५’ असा आला तर मोबाइलवरच कळतं की पानं पाडली गेलीत. जुन्या मंगळवारच्या ५२च्या जागीही २५च आल्या, यातच निदान आहे.

मेसेजसोबत स्क्रेपरने त्या दिवशी मिळालेलं पान जसंच्या तसं फाइलमध्ये ठेवावं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला बसलो की ते पान पुन्हा मिळेलच असं नाही. फाइलचा आकारसुद्धा बोलका असतो. रोज दीडशे केबीचं येणारं पान आज सहा केबीचं आलं असेल तर आत तक्ता नाही, ‘रोबो नाही ना?’ विचारणारं पान आहे हे उघडण्याआधीच ओळखता येतं.

## तयार साधनं हे आपोआप करत नाहीत का?

काही अंशी. पायथॉनमध्ये स्क्रेपी नावाची प्रसिद्ध चौकट आहे, आणि तिला जोडायचं स्पायडरमॉन हे साधन किमान किती ओळी यायला हव्यात ते तपासू शकतं. पण ते आपण बसवावं लागतं. नुसती स्क्रेपी चालवली आणि एकही ओळ मिळाली नाही, तरी शेवटी `finish_reason` समोर `finished` असंच दिसतं. आणखी एक गंमत म्हणजे मिळालेल्या ओळींची संख्या ज्या नावाखाली असते, `item_scraped_count`, ते नाव शून्य ओळींच्या वेळी आकडेवारीत नसतंच. तिथे ० लिहिलेलं नसतं, नोंदच गायब असते. मग कोणी अशी तपासणी लिहिली:

```python
n = stats.get_value("item_scraped_count")
if n and n < 30:
    alert(n)
```

तर ३० ओळींच्या खाली सगळीकडे इशारा येईल, फक्त शून्याला येणार नाही. म्हणजे सगळ्यात वाईट दिवशीच पहारा झोपलेला. `get_value("item_scraped_count", 0)` असं लिहून `n and` काढून टाकलं की भागतं.

‘स्क्रेपर कशाला, सरकारी एपीआय वापरा ना’ हेही ऐकायला मिळतं. एपीआय म्हणजे प्रोग्रामनेच वाचायला दिलेला रस्ता. तो असेल तर जरूर वापरावा, दुसऱ्याच्या पानावर भारही पडत नाही. केंद्राच्या data.gov.in वर बाजारभावांचा तसा रस्ता आहे. पण नमुन्याची किल्ली, म्हणजे चाचणीपुरता दिलेला परवाना-क्रमांक, वापरून मागितलं की एका वेळी दहाच नोंदी मिळतात, आणि त्या दहा नोंदींसोबत कुठलीही एरर येत नाही. मोजणी तिथेही हवीच.

## इशारा देणाराच मेला तर?

आतापर्यंतचे सगळे इशारे स्क्रेपर चालला तरच येणार. सर्व्हरच बंद पडला, किंवा पायथॉनची आवृत्ती बदलून प्रोग्राम सुरूच झाला नाही, तर मोजणीही होत नाही आणि मेसेजही येत नाही. गप्प राहणं हे ‘सगळं ठीक’सारखंच दिसतं.

यावरचा तोडगा उलटा आहे. सगळं ठीक असेल तेव्हाच बाहेरच्या एखाद्या सेवेला हाक द्यायची, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत हाक आली नाही तर त्या सेवेने आपल्याला उठवायचं. Healthchecks.io ही अशीच एक सेवा. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या यादीत, एक ओळ अशी:

```
0 21 * * 1-6 python3 bhav.py && curl -fsS -m 10 --retry 5 https://hc-ping.com/<uuid>
```

शेवटच्या uuid च्या जागी, कंसासकट, त्या सेवेने आपल्याला दिलेला क्रमांक टाकायचा. सोमवार ते शनिवार रात्री नऊला `bhav.py` चालतो. मधल्या `&&` चा अर्थ, पहिला भाग यशस्वी झाला तरच दुसरा चालव. म्हणून मोजणीत `EMPTY` किंवा `DROP` आलं, तर `bhav.py` ने `sys.exit(1)` करून बाहेर पडायला हवं. ते विसरलं तर हाक रोज जाते आणि सगळी व्यवस्था शोभेची ठरते. बसवल्यावर एकदा मुद्दाम तक्त्याचं नाव चुकीचं टाकून बघावं. मोबाइल खणखणला तर ठीक.

## इशारा आल्यावर तक्ता पाठवायचा की नाही?

माझं मत स्पष्ट आहे: नाही पाठवायचा. ‘आज माहिती मिळाली नाही, तपासतोय’ एवढं एक वाक्य पाठवावं. चुकीच्या सरासरीवर कोणी माल थांबवला किंवा घाईने विकला तर ते नुकसान भरून येत नाही, आणि माहिती नसल्याचं सांगितलं तर माणूस निदान दोन फोन लावून भाव विचारतो.

यासाठी प्रोग्राममध्ये एक क्रम पाळावा लागतो. नवे आकडे आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचे, त्यावर मोजणी करायची, आणि ती पास झाली तरच ती फाइल जुनीच्या जागी ठेवायची. बरेच नवशिके आधी जुनी फाइल पुसतात आणि मग नवे आकडे भरायला घेतात. स्क्रेपर गुपचूप बिघडला की त्यांच्याकडे आजचंही नसतं आणि कालचंही गेलेलं असतं.

## मोजणीला काय दिसत नाही?

संकेतस्थळाने तक्त्यात मध्येच एक नवा रकाना घातला, तर ओळी तेवढ्याच राहतात, ५२च्या ५२. पण त्यापुढचे सगळे आकडे एक घर सरकतात. आवक किमान दर म्हणून वाचली जाते, किमान दर कमाल म्हणून. मोजणी हसतमुखाने पास होते. यासाठी प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारावा लागतो: किमान दर सर्वसाधारण दराहून जास्त नाही ना, आणि सर्वसाधारण कमालहून जास्त नाही ना? टायपिंगच्या चुकीमुळे एखाद्या ओळीत हे बिघडलेलं खरोखर सापडतं, त्या एका ओळीवरून ओरडू नये. पण दहापैकी तीन ओळींत बिघडलं, तर रकाने सरकलेत असं धरून तक्ता थांबवावा आणि जतन केलेलं पान उघडून शीर्षकांची ओळ वाचावी. त्याहून बरं म्हणजे स्क्रेपरलाच रकाना क्रमांकाने न शोधता शीर्षकाने शोधायला लावायचं. ‘किमान दर’ ही अक्षरं ज्याच्या डोक्यावर आहेत तोच रकाना घे, आणि ती अक्षरं मिळाली नाहीत तर तिथेच थांब.